लग्न, व्हिसा आणि परदेशी शिक्षण: दोघांनी एकत्र जायचं की एकाने आधी?

दोघांपैकी एकाला अमेरिकेत एम.एस.चा प्रवेश मिळालेला असतो आणि घरात पहिला प्रश्न निघतो: "मग दुसऱ्याला डिपेंडंट व्हिसा मिळेल ना?" खरं तर हा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा. लग्न कायदेशीर असेल आणि पैसे दाखवता येत असतील तर बऱ्याच ठिकाणी तो मिळतो. खरा प्रश्न पुढचा आहे. विमानातून उतरल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी तो दुसरा माणूस काय करणार? नोकरी करू शकेल की नाही? कॉलेजात जाऊ शकेल की नाही? या उत्तरावर लग्नाची तारीख, कर्जाचा आकडा आणि पुढची दोन वर्षं ठरतात. उत्तर देशागणिक वेगळं असतं, आणि एकाच देशात कोर्सच्या प्रकारानुसारही बदलतं.

महाराष्ट्रातून पुष्कळ विचारणा अमेरिकेची होते, म्हणून आधी तिथलं नीट पाहू.

अमेरिकेत शिकायला जाणाऱ्याचा व्हिसा एफ-१, त्याच्या जोडीदाराचा एफ-२. एफ-२ वर पगारी काम करता येत नाही. अर्धवेळही नाही, कॅम्पसवरही नाही. पुण्यातल्या कंपनीची नोकरी चालू ठेवून बोस्टनच्या फ्लॅटमधून लॅपटॉपवर काम करू, पगार तर भारतातच जमा होणार, असा बेत अनेक जण आखतात. हा बेत धोक्याचा आहे. पगार कुठल्या खात्यात पडतो याने फरक पडत नाही. अमेरिकेच्या भूमीवर बसून केलेलं काम विनापरवाना काम धरलं जाऊ शकतं, आणि त्याचा परिणाम पुढे स्वतःचा व्हिसा काढताना दिसतो. धर्मादाय संस्थेत विनामोबदला स्वयंसेवा करता येते. पण एरवी पगार मिळणारं काम फुकट केलं म्हणजे ती स्वयंसेवा होत नाही.

शिक्षणाचं काय? २०१५ पासून एफ-२ वरच्या जोडीदाराला मान्यताप्राप्त कॉलेजात अर्धवेळ विषय घेता येतात, पूर्णवेळ पदवी नाही. पूर्णवेळ शिकायचं तर स्वतःचा एफ-१ लागतो. त्याचे दोन मार्ग. एक, अमेरिकेत राहूनच आय-५३९ हा अर्ज भरून स्थिती बदलून घ्यायची. त्याला महिनोन्महिने लागतात आणि मंजुरी येईपर्यंत पूर्णवेळ वर्ग सुरू करता येत नाहीत, त्यामुळे हातातलं सेमिस्टर निसटू शकतं. दुसरा, भारतात परत येऊन स्वतःच्या आय-२० वर, म्हणजे विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या दाखल्यावर, नवा व्हिसा काढायचा. सेमिस्टरची तारीख जवळ आली असेल तर बहुतेकांना दुसराच मार्ग धरावा लागतो.

आणि हे बंधन पदवीबरोबर संपत नाही. एम.एस. झाल्यावर मुख्य विद्यार्थी ओपीटीवर, म्हणजे पदवीनंतर मिळणाऱ्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीवर, नोकरी करू लागला तरी जोडीदार एफ-२ वरच राहतो, म्हणजे घरीच. पुढे एच-१बी हा नोकरीचा व्हिसा मिळाला तर जोडीदाराचा एच-४ होतो. त्यावरही काम करण्याची परवानगी आपोआप येत नाही. त्यासाठी मुख्य व्यक्तीचा ग्रीन कार्डाचा आय-१४० अर्ज मंजूर व्हावा लागतो किंवा एच-१बी सहा वर्षांच्या पुढे गेलेला असावा लागतो. "दोन वर्षं घरी बसेन, मग नोकरी बघेन" हा हिशेब म्हणून बरेचदा पाच-सहा वर्षांचा निघतो. इंजिनिअर झालेल्या, पुण्यात टीम सांभाळणाऱ्या माणसासाठी ही काही छोटी गोष्ट नाही. घरात लग्नाची बोलणी चालू असताना यावर कुणी फारसं बोलत नाही, म्हणून इथे स्पष्ट लिहिलं.

इतर देशांत अडचण वेगळ्या जागी आहे.

ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या कोर्सेसना नियम बदलला. वर्षभराच्या नेहमीच्या मास्टर्सच्या विद्यार्थ्याला जोडीदार सोबत नेताच येत नाही. पीएच.डी. किंवा संशोधनावर आधारित उच्च पदवी असेल, किंवा सहा महिन्यांहून मोठ्या कोर्सला सरकारी शिष्यवृत्ती असेल, तरच नेता येतं. हे आता बहुतेकांना माहीत असतं. माहीत नसतो तो पुढचा फास. मास्टर्सनंतर दोन वर्षांचा ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो (१ जानेवारी २०२७ पासून अर्ज केल्यास तो दीड वर्षाचाच असेल), तेव्हा जोडीदाराला बोलावू, असं ठरवून लोक लग्न करून ठेवतात. पण ग्रॅज्युएट व्हिसावर तोच जोडीदार राहू शकतो जो आधीच्या विद्यार्थी व्हिसावर डिपेंडंट होता. विद्यार्थी असताना आणता आलं नाही, म्हणजे ग्रॅज्युएट झाल्यावरही आणता येत नाही. पदवी स्तराची नोकरी आणि स्किल्ड वर्कर व्हिसा मिळाला की मगच रस्ता मोकळा होतो, आणि तेव्हा जोडीदाराला जवळपास कुठलीही नोकरी करता येते. मधल्या काळात पर्यटक व्हिसावर भेटी होतात, संसार होत नाही.

कॅनडात जोडीदाराला ओपन वर्क परमिट, म्हणजे कुठल्याही कंपनीत काम करण्याचा परवाना, मिळतो, पण २१ जानेवारी २०२५ पासून मास्टर्स किमान १६ महिन्यांचं असावं लागतं. पीएच.डी. आणि काही ठरावीक व्यावसायिक पदव्याही चालतात. कॉलेजातले डिप्लोमा यातून बाहेर पडले. इथे घोळ होतो तो प्रवेशपत्रावरच्या कालावधीचा. आठ, बारा किंवा पंधरा महिन्यांच्या मास्टर्सवर पैसे वाचतात म्हणून विद्यार्थी खूश असतो, पण त्याच कारणाने जोडीदाराचा परमिट जातो. प्रवेशपत्रात कोर्स किती महिन्यांचा लिहिला आहे ते फी भरण्याआधी बघायचं. अस्पष्ट असेल तर विद्यापीठाकडून लेखी पत्र घ्यायचं.

ऑस्ट्रेलियात मास्टर्स वा पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचा जोडीदार, कोर्स सुरू झाल्यावर, तासांच्या मर्यादेशिवाय काम करू शकतो. जोडप्यांच्या दृष्टीने हा नियम बराच उदार. अट एवढीच की विद्यार्थ्याच्या मूळ अर्जात जोडीदाराचं नाव आलेलं असावं, तो आत्ता सोबत येणार नसला तरी. नाव लपवलं वा विसरलं, तर नंतर त्याला कुटुंबीय म्हणून बोलावता येत नाही. लग्न व्हिसा मिळाल्यानंतर झालं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा बदल कळवून नंतर अर्ज करता येतो.

आता कागदांकडे. चारही देशांत "साखरपुडा झालाय" याला जोडीदाराच्या व्हिसासाठी किंमत नाही. अमेरिकेच्या एफ-२ ला तर लग्नच लागतं. वर्षानुवर्षं एकत्र राहत असाल तरी चालत नाही. लग्न झाल्याचा पुरावा म्हणून हॉलची पावती किंवा भटजींचं पत्र पुरत नाही. नोंदणी प्रमाणपत्र लागतं.

महाराष्ट्रात ते दोन वाटांनी मिळतं. पहिली वाट म्हणजे धार्मिक विधीने लग्न करून १९९८ च्या राज्य कायद्याखाली नोंद करणं. महापालिकेचं क्षेत्रीय वा प्रभाग कार्यालय, नगरपालिका, किंवा गावात ग्रामपंचायत यांच्याकडे नमुना 'ड' मधलं ज्ञापन भरायचं. पती, पत्नी आणि तीन साक्षीदारांनी समक्ष हजर राहायचं. लग्नपत्रिका, विधीचा फोटो, वय व पत्त्याचे पुरावे आणि पुरोहितांची सही लागते. लग्नानंतर ९० दिवसांच्या आत नोंद करायची, उशीर झाला तर जादा शुल्क भरावं लागतं. कागद पूर्ण असतील तर हे काम दिवसांत होतं.

दुसरी वाट म्हणजे १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखालचं लग्न, ज्याला आपण कोर्ट मॅरेज म्हणतो. प्रत्यक्षात ते कोर्टात होत नाही, विवाह अधिकाऱ्यासमोर होतं. दोघांपैकी निदान एक जण त्या जिल्ह्यात आधीचे सलग ३० दिवस राहिलेला हवा. नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबावं लागतं आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न उरकावं लागतं. मुंबई-पुण्यासह राज्यभरासाठी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन नोटिशीची सोय आहे. ही थांबण्याची मुदत कुणालाही माफ होत नाही. गोव्यात पद्धत वेगळी. तिथे सगळ्याच धर्मांच्या लोकांना सिव्हिल रजिस्ट्रारपुढे आधी इराद्याची नोंद आणि मग काही दिवसांनी सह्या, असं दोन टप्प्यांत करावं लागतं. त्यामुळे पणजी-मडगावच्या जोडप्याने समारंभाच्या बऱ्याच आधीपासून सुरुवात करावी.

प्रमाणपत्र हातात येण्याआधी खिडकीवर मसुदा दाखवतात. तिथे दोन मिनिटं थांबून वाचा. नावाचं इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टात आहे तसंच हवं. वडिलांच्या नावात 'एच' जास्त पडलेला असतो, आडनाव 'कुलकर्णी' मध्ये 'के' एकदा डबल झालेला असतो, लग्नाच्या तारखेचा महिना आणि दिवस उलटसुलट झालेला असतो. सही-शिक्का झाल्यावर दुरुस्ती म्हणजे पुन्हा अर्ज आणि पुन्हा चकरा. साक्षीदार मावसभाऊ असेल तर तो एव्हाना नाशिकला परत गेलेला असतो.

नाव बदलायचं का, हा घरोघरी पडणारा प्रश्न. आपल्याकडे लग्नानंतर केवळ आडनाव नाही, मधलं नावही बदलायची रीत आहे. पण मुलीची पदवी, गुणपत्रिका, टोफेलचा निकाल, प्रवेशपत्र आणि आय-२० हे सगळं माहेरच्या नावावर आहे. व्हिसाच्या तोंडावर पासपोर्टात नाव बदललं की पासपोर्टचा क्रमांकही बदलतो, आय-२० पुन्हा काढावं लागतं, आणि डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज जुन्या क्रमांकावर भरलेला असतो. मुलाखतीच्या दिवशी दोन कागदांवर दोन नावं दिसली की प्रश्न सुरू होतात. नाव बदलणं कायद्याने सक्तीचं नाही. सासरची इच्छा असेलच तर शिक्षण संपल्यावर बदला. कुठलाही दूतावास "आडनाव वेगळं का?" म्हणून एफ-२ नाकारत नाही, प्रमाणपत्र आहे ना.

आणखी एक घोळ. आधी नोंदणी करून ठेवायची आणि थाटाचा समारंभ नंतर, हे पुष्कळ जण करतात, त्यात काही वाईट नाही. पण कायद्याच्या लेखी लग्न पहिल्या तारखेलाच झालेलं असतं. विशेष विवाह कायद्याखाली जूनमध्ये लग्न लागलं असेल तर जुलैच्या डीएस-१६० मध्ये 'विवाहित' लिहायचं, मंगलाष्टकं डिसेंबरात असली तरी. आणि डिसेंबरच्या समारंभाची वेगळी नोंदणी पुन्हा करायची नाही. एकाच जोडप्याची दोन तारखांची दोन प्रमाणपत्रं पुढे ग्रीन कार्डाच्या वेळी सगळ्यात जास्त त्रास देतात. काही सल्लागार "अविवाहित लिहा, व्हिसा लवकर मिळतो" असं सांगतात. ऐकू नका. चुकीची माहिती दिल्याचा शिक्का अमेरिकेच्या नोंदीत कायमचा अडथळा ठरू शकतो, आणि जोडीदाराला नंतर आणायचं म्हणाल तेव्हा ते बाहेर येणारच आहे. उलट जोडीदार भारतात नोकरी करत मागे राहतोय, ही गोष्ट विद्यार्थी परत येईल हे दाखवायला मदतच करते.

तारखांचं गणित इथे फार अडचणीचं आहे. अमेरिकेत सेमिस्टर ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला सुरू होतं. प्रवेश फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये कळतो. म्हणजे लग्न मे-जूनमध्ये बसवावं लागतं, कारण आषाढी एकादशीनंतर चातुर्मास लागतो. २०२६ मध्ये तर १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, त्यात बहुतेक घरं लग्न करत नाहीत. "मग डिसेंबरच्या सुट्टीत करू" म्हणावं, तर ती सुट्टी साधारण मध्य डिसेंबर ते मध्य जानेवारी असते, आणि सूर्य धनू राशीत असण्याचा, म्हणजे धनुर्मासाचा काळही साधारण १६ डिसेंबर ते १४ जानेवारी. मुहूर्त आणि सुट्टी एकमेकांना चुकवतात. आधीचा मुहूर्त धरावा तर सत्रान्त परीक्षा असते. ज्यांना पंचांग पाळायचं आहे ते भटजींकडून काढीव मुहूर्त घेतात किंवा पुढच्या मेची वाट पाहतात. कोर्ट मॅरेज करायचं तर डिसेंबरच्या चार आठवड्यांत ३० दिवसांची नोटीस बसत नाही, ती नोव्हेंबरातच द्यायला हवी. छोट्या विधीने लग्न करून त्याच आठवड्यात १९९८ च्या कायद्याखाली नोंद, हा सुट्टीत बसणारा मार्ग. डिसेंबरात भारतात येताना विद्यार्थ्याने आय-२० च्या दुसऱ्या पानावरची प्रवासाची सही वर्षाच्या आतली आहे ना, हे निघण्याआधी बघावं. तेवढं झालं आणि व्हिसाची मुदत शिल्लक असली की पुन्हा व्हिसा काढावा लागत नाही.

आता एक उदाहरण आकड्यांसकट पाहू. ती: बोस्टनजवळ दोन वर्षांचं एम.एस., सप्टेंबरपासून. तो: पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत, हातात महिना १ लाख १० हजार. मे महिन्यात लग्न. खालचे खर्चाचे आकडे गृहीत धरलेले आहेत. तुमच्या शहराचे घालून हिशेब करा. डॉलर ९० रुपये धरला आहे.

पहिला पर्याय, तोही एफ-२ वर सोबत जातो. लोकांना वाटतं एका माणसाच्या जेवणाचा खर्च तेवढा वाढेल. खरा खर्च घरात असतो. विद्यार्थी एकटा असेल तर चौघांत दोन बेडरूम घेऊन साडेआठशे डॉलरमध्ये भागवतो. जोडपं असेल तर स्वतंत्र खोली किंवा स्टुडिओ लागतो, समजा १,९०० डॉलर. म्हणजे महिन्याला १,०५० डॉलर भाड्यातच वाढले. किराणा-प्रवास ३०० आणि त्याचा आरोग्य विमा १५० धरला की महिना १,५०० डॉलर जादा. चोवीस महिन्यांचे ३६,००० डॉलर, म्हणजे ३२ लाख ४० हजार रुपये. त्यात त्याचा बुडालेला पगार २६ लाख ४० हजार. एकूण ५८ लाख ८० हजार. शिवाय आय-२० साठी विद्यापीठ त्याच्या नावाचे वेगळे पैसे दाखवायला सांगतं. किती, हे प्रत्येक विद्यापीठ ठरवतं. व्हिसाचं शुल्क दोघांनाही १८५ डॉलर, पण सेविस या विद्यार्थी-नोंदणी यंत्रणेचे ३५० डॉलर फक्त तिला, एफ-२ ला ते नसतात.

दुसरा पर्याय, तो पुण्यातच राहतो, पण एफ-२ काढून ठेवतो. हे फारसं कुणी सांगत नाही: एफ-२ घेतला म्हणजे तिथेच राहायला हवं असं नाही. ती एफ-१ च्या अटी पाळत शिकत असेल तोवर तो वर्षातून दोनदा तीन-तीन आठवड्यांच्या रजेवर जाऊन येऊ शकतो. रजेत लॅपटॉप बंद ठेवावा, एवढंच पथ्य. दूतावासात विचारलं तर खरंच सांगायचं: नोकरी इथे आहे, भेटायला जाणार आहे. मुलाखतीला लग्नाचं प्रमाणपत्र, दोघांची आय-२० आणि लग्नाचे, नंतरचेही थोडे फोटो घेऊन जायचे. तो नंतर अर्ज करत असेल तर तिच्या विद्यापीठाचं नोंदणीपत्र आणि गुणपत्रिकाही. चार फेऱ्यांचं तिकीट सव्वा लाखाने धरलं तरी दोन वर्षांत ५ लाख. पहिल्या पर्यायाच्या तुलनेत वाचलेल्या पैशात त्याची एम.एस.ची फी बसते.

तिसरा पर्याय तिथूनच सुरू होतो. तो त्या वर्षात जीआरई देऊन पुढच्या सप्टेंबरसाठी त्याच भागात प्रवेश घेतो आणि पुण्यातून स्वतःच्या एफ-१ वर जातो. आता तिचं दुसरं वर्ष आणि त्याचं पहिलं एकत्र चालतं, घरभाडं वाटून जातं, ती ओपीटीवर कमवायला लागते तेव्हा त्याचं दुसरं वर्ष चालू असतं. दोघांचे हप्ते एकदम सुरू होत नाहीत. दोघांनाही स्वतंत्र ओपीटी, आणि विषय विज्ञान-तंत्रज्ञानाचा असेल तर २४ महिने जादा. एच-१बीच्या सोडतीतही दोन नावं. एकाचं काही बिनसलं तर दुसऱ्याचा एफ-१ शाबूत राहतो, हवं तर पहिला त्याच्या एफ-२ वर जाऊ शकतो. जोखीमही आहेच: त्याचा प्रवेश किंवा व्हिसा अडला तर त्याच्याकडे नोकरी आहे, पण ताटातूट वर्षभर वाढते. दोघांनी एकदम एकाच वर्षी एफ-१ वर जाणं यापेक्षा चांगलं वाटतं, पण दोन कर्जं, दोन सहकर्जदार आणि दोघंही बिनपगारी, असा तो भार असतो. कर्ज देणारी बँक अशा वेळी विचारतेच की घरात कमावतं कोण राहणार.

दूर राहण्याचा काळ आठ महिन्यांचा असो की दोन वर्षांचा, अडचणी ठरावीक असतात. पहिली घड्याळाची. उन्हाळ्यात पुणे आणि बोस्टनमध्ये साडेनऊ तासांचा फरक असतो. पुण्यात सकाळचे साडेआठ म्हणजे तिथे रात्रीचे अकरा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात आणि फरक साडेदहा होतो. त्याच साडेआठला तिथे दहा वाजलेले असतात, आणि त्याच सुमारास तिची प्रोजेक्ट्सची घाई सुरू होते. तिचे वर्ग, लॅब आणि आठवड्याला वीस तासांपर्यंतची कॅम्पस नोकरी सांभाळून रोज तासभर बोलणं जमत नाही. जमवायचा हट्ट धरला की दोघंही अर्धवट लक्षाने बोलतात आणि त्यातून भांडणं होतात. म्हणून रोजचे छोटे व्हॉइस मेसेज आणि आठवड्यातून दोन ठरलेले, लांब कॉल असं केलेलं बरं. ऑक्टोबर आणि डिसेंबरच्या परीक्षांचे आठवडे आधीच सांगून ठेवायचे. मग त्या दिवसांत फोन आला नाही तर "बदललीस तू" असं कुणाला वाटत नाही. घरच्यांनाही हे सांगून ठेवा, कारण "सून फोनच करत नाही" ही तक्रार त्याच आठवड्यात येते.

दुसरी अडचण पैशांची. त्याच्या पगारातून तिचं भाडं, तिच्या आईवडिलांनी काढलेल्या कर्जाचं व्याज, लग्नाचं देणं, हे कोण भरणार, हे जाण्याआधी कागदावर लिहून ठेवावं. त्यातून प्रेम कमी होत नाही, पण नंतरचे गैरसमज कमी होतात. जो दूर असतो त्याला दुसऱ्याचा खर्च नेहमी अवाढव्य वाटतो.

तिसरी अडचण सोबत राहणाऱ्यांचीही आहे. एफ-२ वरच्या माणसाला सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही, बहुतेक ठिकाणी गाडीचा परवाना काढताना त्याऐवजी सोशल सिक्युरिटी कार्यालयाचं नकाराचं पत्र द्यावं लागतं, बँकेचं खाते दुसऱ्याच्या नावावर. थंडीत चार महिने घरात, जोडीदार लॅबमध्ये. कम्युनिटी कॉलेजचा एखादा अर्धवेळ विषय आणि गाडीचा परवाना, या दोन गोष्टी पहिल्याच महिन्यात सुरू कराव्यात. दोघांच्या नावाचं खातं उघडावं आणि स्वतःचा पासपोर्ट, आय-२० व लग्नाच्या प्रमाणपत्राच्या प्रती स्वतःकडे ठेवाव्यात. घटस्फोट झाला तर एफ-२ त्याच दिवशी संपतो. मुख्य विद्यार्थी नियमभंगात सापडला तरी एफ-२ जातो. हे लक्षात घेऊन कोणी कोणाच्या व्हिसावर जायचं, ते ठरवा.

तारखा आणि शुल्कं २०२५ अखेरची आहेत. ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाचे नियम गेल्या दोन वर्षांत झपाट्याने बदलले आहेत. एजंटच्या पत्रकावरून न जाता, फी भरायच्या आठवड्यात त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर तुमच्या कोर्सचं नाव आणि कालावधी घालून पाहा.